पाच धुरळे, सहा आवाज

आमच्या घरात विहिरीचं वेड माझ्या नवऱ्याला होतं आणि विहिरीची घाई माझ्या सासूला. नवऱ्याचं नाव सुकदेव. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, मीही घेत नव्हते, पण आता या वयात कोण मला अडवणार आहे? सासूचं नाव झुंबरबाई. तिला सगळं आजच्या आज हवं असायचं. दूध विरजलं की दही तासाभरात लागायला पाहिजे, आणि सून आली की नातू वर्षाच्या आत. मी दोन्ही बाबतीत तिची निराशा केली होती.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. आदल्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. गावातली जुनी विहीर आटली, बायका कोरड्या नदीत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरायला लागल्या, तेव्हा सुकदेवनं ठरवलं की आपल्या मळ्यात विहीर पाडायची. माती सहज निघाली, मुरूमही निघाला. मग लागला काळा पाषाण, आणि त्याला पहार लावली की ठिणग्या उडायच्या. तिथून पुढं सुरुंग लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सुरुंगासाठी हिलालभाऊंना बोलावलं. पंचक्रोशीत या कामाला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. अंगानं वाळलेला, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला, बोलायला कमी. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला इजा झाली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता. फक्त कान अधू झाले होते. उभं आयुष्य स्फोटांच्या शेजारी गेलेलं. त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून मोठ्यानं बोलावं लागे, आणि घरात कोणाच्या हातून पितळी पडली तरी ते दचकून विहिरीकडं बघत.

त्यांची पद्धत ठरलेली. दिवसभर तळाशी भोकं पाडायची, संध्याकाळी त्यांत दारू ठासायची, ती उडवणारी टोपी आणि वात लावायची. वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे सगळे सुरुंग एकदम न उडता एकामागून एक उडतात. असं का, तर मोजता यावेत म्हणून. सहा भोकं भरली असतील तर सहा आवाज ऐकू यायला हवेत. पाचच आले तर एक सुरुंग आत जिवंत आहे असं समजायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीकडं कोणी फिरकायचं नाही. वाती पेटवून हिलालभाऊ दोराच्या शिडीनं सरसर वर यायचे, धावत बांधाच्या आडोशाला जायचे आणि पालथं पडायचे. सुकदेव आणि सासूही तिथंच. तोंड मातीत, हात डोक्यावर. शेवटचा आवाज होईपर्यंत मान वर करायची नाही हा हिलालभाऊंचा सक्त नियम होता, कारण दगड पावसासारखे पडत. ते जमिनीला कान लावून एकेक बोट मिटत मोजायचे.

मी मात्र त्या बांधाआड कधीच नव्हते. माझं काम वेगळं. आमच्या शेताच्या खालून बाजाराची गाडीवाट जायची. सुरुंगाच्या वेळी तिथं कोणी येऊ नये म्हणून काठीला लाल लुगड्याचा तुकडा बांधून मला उभं करायचे. विहिरीपासून तीन शेतं दूर. सासूच्या मते हे काम मला बरोबर शोभत होतं, नुसतं उभं राहायचं.

नुसतं उभं राहणारी बाई बघत असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या आठ-पंधरा दिवसांत मी रोज एक गंमत बघत होते. विहिरीतून धुराचा आणि धुरळ्याचा लोट आधी वर यायचा, अगदी मुक्यानं. मग मी एक श्वास घेऊन सोडायची, आणि तेव्हा धडाम असा आवाज यायचा. पहिल्यांदा नवल वाटलं नाही. मी शिरपूरची. अरुणावतीच्या पलीकडच्या काठावर परीट धुणं आपटायचे तेव्हा कपडा दगडावर पडलेला आधी दिसायचा आणि आवाज यायचा तो परटाचा हात पुन्हा वर गेल्यावर. लहान असताना मला वाटायचं की तो परीटच काहीतरी चमत्कारिक आहे.

खरं कारण सांगितलं ते माझ्या वडिलांनी. ते हस्तीमल शेठच्या जिनिंगमध्ये राखणदार होते. कापसाचे घरापेक्षा उंच ढीग उघड्या आवारात पडलेले असायचे. अवकाळी वादळ उठलं की वडिलांचा जीव टांगणीला. ओला कापूस काळा पडतो, आणि वीज पडली तर विचारूच नका. ताडपत्र्या कधी ओढायच्या, माणसं ढिगावरून कधी खाली उतरवायची, हे ते विजेवरून ठरवायचे. वीज चमकली की मोजायला लागायचे, बेतानं, घाई न करता, गडगडाट ऐकू येईपर्यंत. दहाले एक कोस, असा त्यांचा हिशेब. वीस मोजले तर दोन कोस. वीज आणि तिचा आवाज एकाच क्षणी जन्मतात, पण उजेड लगेच पोचतो, त्याला वेळ असा लागतच नाही. आवाजाला मात्र वाट चालावी लागते. जितका लांबून निघाला तितका उशिरा पोचतो. हे सांगून झालं की वडील नेहमी बजावायचे, की आकडा सांगतो तो पडून गेलेल्या विजेचा पत्ता, पुढची कुठं पडेल ते तिला विचारून ये. म्हणून आकडा मोठा असला तरी गडगडाट ऐकू आला की ते ढिगावर कोणाला ठेवत नसत.

लग्नानंतर हे मी एकदा सुकदेवला सांगितलं होतं. तो पोट धरून हसला. म्हणाला, तुझ्या बापानं आभाळालाही तागडीत घातलं की काय. मला राग आला होता. पण सुकदेवचं हसणं असं होतं की त्याच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही, आणि याचाच मला जास्त राग यायचा.

त्या संध्याकाळी शेवटचे सहा सुरुंग होते. दुपारी तळाचा दगड घामेजला होता, एका कोपऱ्यात बोट लावलं तर ओलं लागत होतं. हिलालभाऊ म्हणाले की आता पाणी हातभरावर आहे. झालं, सासूनं लगेच नारळ, हळदकुंकू आणि तांब्या काढून ठेवला. आमच्याकडं नव्या विहिरीच्या पाण्याला पहिला पाय मालकाचा लागावा लागतो. सुरुंग झाले की सुकदेवच आधी उतरणार आणि आजच उतरणार, असं तिनं जाहीर करून टाकलं. एरवी सुरुंगानंतर पहिले हिलालभाऊ उतरत, बघून येत आणि मगच दुसऱ्याला सोडत. त्यांनी थोडी कुरकुर केली. पण झुंबरबाईंपुढं कुरकुर टिकत नसे. त्यांनी शेवटी मान डोलावली आणि सुकदेवला एवढंच बजावलं की सोबत पहार न्यायची नाही, दगड हलवायचा नाही, पाय लावायचा आणि वर यायचं.

तिन्हीसांजेला मी काठी घेऊन वाटेवर गेले. सातपुड्यावर ढग दाटले होते, जांभळेकाळे. वारा तिकडून आमच्याकडं येत होता आणि त्याला मातीचा वास होता. मी खुशीत होते हे कबूल करते. पाणी लागलं की वाटीवाटीनं भरणं संपणार होतं, आणि सासू निदान दोन दिवस तरी माझ्याशी नीट बोलणार होती.

हिलालभाऊंची आरोळी आली, सुरुंग, सुरुंग. मग ते वर येऊन पळताना दिसले. मग कोणीच दिसेना.

पहिला लोट उडाला. वाऱ्यानं तो लगेच बाजूला लोटला, आणि त्याच वेळी पलीकडं डोंगरावर वीज लखकन उतरली. मग पहिल्याचा आवाज आला. दुसरा लोट, आवाज. तिसरा. वारा इतका होता की प्रत्येक लोट आपापला वेगळा उठून पळत होता. चौथा. पाचवा. मी सहाव्याची वाट बघत होते. लोट उठला नाही, आणि आवाज मात्र आला. धडाड करून, जरा लांबवर ओढलेला.

मी चुळबुळले. वाटलं, पापणी लवली असेल. पाचव्यात सहावा मिसळला असेल. बाईमाणसाला आधी स्वतःचीच चूक दिसते, ही आमची शिकवणच. तिकडं हिलालभाऊ उठले, आणि धोतराचा सोगा झटकून त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि हवेत फिरवला. म्हणजे सगळे उडाले, काम झालं. तरी मी काठी खाली घेतली नाही. का घेतली नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

धूर जायला वेळ लागला. सासू विहिरीच्या काठाशी गेलेली दिसली, तिच्या हातात तांब्या. सुकदेवनं सदरा खोचला आणि शिडीला हात लावला. तो काठाखाली दिसेनासा झाला.

तेवढ्यात डोंगरावर पुन्हा वीज झाली. मी मोजत नव्हते हो, पण वडिलांची सवय आतून मोजत होती. एक, दोन, तीन. मी विहिरीकडं बघत होते. दहा. सासू खाली वाकली होती. अठरा, एकोणीस, आणि धडाड. लांबवर ओढलेला. तोच आवाज. मघाचाच. हुबेहूब.

माझी नजर विहिरीवरून डोंगराकडं गेली. मघाची ती वीज पहिल्या लोटाबरोबर उतरली होती. तिचा आवाज दोन कोस चालत चालत पाच सुरुंग होऊन गेल्यावर येऊन पोचला, बरोबर सहाव्याच्या जागी. बांधाआड मातीत तोंड घालून पडलेल्या तिघांनी तो बोटावर मोजला. वीज कोणी बघितलीच नव्हती. सहावा सुरुंग उडालाच नव्हता. तो विहिरीत होता, आणि माझा नवरा त्याच्याकडं निघाला होता.

मी काठी टाकली आणि धावत सुटले. काय ओरडत होते ते मला ठाऊक नाही. वारा समोरून येत होता, माझा शब्द माझ्याच तोंडात परत घालत होता. ढेकळांत पाय मुरगळत होते. एवढं साधं अंतर, रोज मी ते भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन चालत होते, पण त्या वेळी ते सरता सरेना. एकच विचार डोक्यात होता, की आता लोट दिसेल. आधी लोट दिसेल आणि मग आवाज येईल, आणि आवाज येईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल.

मी काठाशी पोचले तेव्हा खालून सुकदेवचा आनंदानं फाटलेला आवाज आला.

"पानी लागनं वो माय! पानी लागनं!"

सासूनं तांब्या कपाळाला लावून आभाळाला नमस्कार केला. मी तिला ढकलून काठावर वाकले. खाली तो घोट्याएवढ्या पाण्यात नाचत होता. फुटलेल्या दगडांवर, अनवाणी.

"वर या! एक सुरुंग फुटना नही! वर या!"

तो वर बघून हसला. त्याला वाटलं मी आनंदानं ओरडते आहे. सासू माझ्या दंडाला धरून खेचायला लागली, शुभ वेळेला अभद्र बोलतेस म्हणून. तेव्हा मी वळून हिलालभाऊंच्या तोंडासमोर जाऊन तेच ओरडले. त्यांचा चेहरा पडला, मग कठीण झाला.

"सहा व्हयनात. मी सोता मोज्यात."

"मी पाचच देखात, भाऊ. सहावा आभायना व्हता."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. त्यांना ते पटलं नव्हतं, हे दिसत होतं. त्यांच्या हयातीत त्यांची मोजणी कोणी खोटी ठरवली नव्हती, आणि ठरवायला आली होती ती लाल फडकं धरणारी बाई. पण मोठा माणूस होता. या धंद्यात शंका आली की आधी बाहेर आणि मग भांडण, असं ते नेहमी म्हणायचे, आणि तसंच वागले. काठावर गुडघे टेकून त्यांनी खाली अशी काही आरोळी ठोकली की सुकदेवचं नाचणं थांबलं. तो शिडी चढायला लागला. प्रत्येक पायरीला माझा जीव जात होता आणि येत होता. त्याचं डोकं काठावर दिसलं तेव्हा मी त्याला काखेत धरून ओढलं, आणि चारचौघांत, सासूसमोर, त्याला मिठी मारून रडले. असं आमच्या गावात कोणी केलं नव्हतं.

तो मात्र संतापला होता. पाणी लागल्याच्या क्षणी त्याला पोरासारखं वर ओढून काढलं होतं. हिलालभाऊंनी सगळ्यांना काठापासून मागं, बांधाजवळ नेलं, आणि तिथं भांडण जुंपलं. सासू म्हणाली, मीबी सहाच ऐक्यात. सुकदेव म्हणाला की तिघांनी तीन जागी बोटं मोजली, तिघांची सहा भरली, आणि तू एकटी तिकडं कोसावर उभी राहून आम्हाला शिकवतेस.

"कान खोटा आनि डोया खरा का?" तो म्हणाला.

मी म्हणाले, दोन्ही खरे. कानांनी सहा ऐकले ते सहाच होते. पण त्यातला एक विहिरीतून आला नाही, दोन कोसांवरच्या डोंगरावरून आला. त्याला हसू आलं. तेच हसू, तागडीचं. रागातसुद्धा त्याला हसू आलं. म्हणाला, एवढा मोठा आवाज दोन कोसांवरून रमतगमत येतो होय, आणि तोवर वीज घरी जाऊन जेवून झोपते.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, आता चमकली की मोजा. घाई करू नका, बेतानं एकेक बोट मिटा.

आम्ही चौघं डोंगराकडं तोंड करून उभे राहिलो. वेडेच दिसत असणार. वीज चमकली, ढगातून खाली उतरलेली, फांद्या फुटलेली. काहीच ऐकू आलं नाही. सुकदेव माझ्याकडं विजयानं बघत मोठ्यानं मोजायला लागला. एक. दोन. पाचाला तो अजून हसत होता. दहाला हसू थांबलं. त्याची बोटं संपली, त्यानं पुन्हा पहिल्यापासून धरली. सोळाला ते आलं. धडाड करून, जमीन हलवत, थेट सुरुंगासारखं. बांधाआड पालथं पडून ऐकलं असतं तर कोणीही त्याला सुरुंग म्हटलं असतं.

हिलालभाऊ मटकन खाली बसले. अधू कानांना तो आवाज आणि त्यांचे सुरुंग सारखेच होते, हे त्यांना माझ्या आधी कळलं. ते आपल्या मिटलेल्या बोटांकडं बघत राहिले. मग हळूच मला विचारलं की चमकली केव्हा होती. मी सांगितलं, पहिल्या लोटाला. ते ओठांतल्या ओठांत मोजत होते, एकेक सुरुंग मधल्या वेळात बसवत होते. ते म्हणाले की आता उद्या उन्हं वर येईपर्यंत विहिरीच्या आसपास कोणी जायचं नाही. पेटलेली वात आत कुठं चेपली गेली असेल तर कधी कधी ती पाण्याखालीही धुमसत राहते, आणि ती केव्हा पोचेल ते कोणी सांगू शकत नाही.

सासूच्या हातातला तांब्या खाली पडला. तिला आता कळलं होतं की तिनं मुलाला कुठं उतरवलं होतं. झुंबरबाई गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

सुकदेव आपल्या ओल्या पायांकडं बघत होता. मग त्याच्या डोळ्यांत एक चमक आली, ती मला चांगली ओळखीची होती. एखादी गोष्ट पटली की ती लगेच जाऊन बघायची ही त्याची खोड. पटली नाही तर परवडायचं, कारण मग नुसता हसायचा. वात धुमसत असेल तर धूर दिसेल, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि कोणी काही म्हणायच्या आत बांध ओलांडून विहिरीकडं चालायला लागला.

हिलालभाऊ किंचाळले. मी त्याच्या मागं पळाले. काठाच्या चार पावलं अलीकडं माझ्या हाताला त्याच्या सदऱ्याचं टोक लागलं. तो तसाच पुढं रेटत आत डोकावायला बघत होता, एका हातानं मला मागं सारत. मी अंगातलं सगळं बळ लावून मागं ओढलं. सदरा टर्रकन फाटला आणि आम्ही दोघं मागं पडायला लागलो.

तेव्हा सहावा उडाला.

त्या वेळी लोट आधी आणि आवाज मग असं काही झालं नाही. आम्ही इतके जवळ होतो की दोन्ही एकच झालं, आणि त्यात सगळं पांढरं झालं. विहीर तोफेच्या नळीसारखी वर सुटली. मी त्याच्या खाली होते, तो माझ्या अंगावर, आणि दगड आमच्या भोवती धपाधप पडत होते. किती वेळ, ते ठाऊक नाही. डोक्यात शिट्टी वाजत होती. तोंडात माती होती. मी हात फिरवून बघितलं तर त्याची पाठ गरम आणि ओली लागली, आणि ती वरखाली होत होती. श्वास चालू होता. देवा, श्वास चालू होता.

हिलालभाऊंनी त्याला माझ्या अंगावरून उचलून बांधाला टेकवून बसवलं. कपाळावर खोक पडली होती, खांद्यात दगडाची कपरी घुसली होती. हातपाय शाबूत. डोळे उघडे. सासू त्याच्या पायांशी बसून ते पाय पदरानं पुसत होती, सारखे पुसत होती, पाणी केव्हाच वाळलं होतं तरी. माझ्या कानातली शिट्टी कमी झाली, आणि लांबून आल्यासारखं तिचं रडणं मला ऐकू यायला लागलं. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून त्याचा चेहरा हातात धरला. तो जिवंत होता. मला त्याला थोबाडावं आणि ओवाळावं असं एकाच वेळी वाटत होतं. विहिरीच्या तळाशी तो नाचत होता तेव्हा हा स्फोट झाला असता तर मला चिंधीसुद्धा मिळाली नसती, हे आत्ता कुठं माझ्यापर्यंत पोचत होतं.

त्याच्या दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार मानेवर उतरली होती. मी ती पदरानं टिपली आणि विचारलं, दुखतंय का. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तो हसला, जरा ओशाळून, चूक कबूल करायची असली की हसायचा तसा. मग डोंगराकडं त्यानं मान वळवली, कारण तिकडून पुन्हा वीज उतरली होती, आणि तिच्या उजेडात आम्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे दिसले.

त्यानं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि माझी बोटं मिटायला लागला. बेतानं, मी शिकवलं तसं. तू म्हणत होतीस ते खरं होतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. एक. दोन. तीन. मी त्याला मोजू दिलं. वादळ आता जवळ आलं होतं. अकराव्या बोटाला गडगडाट आला, इतका मोठा की सासूनं कानांवर हात ठेवले आणि बांधाची माती खाली घरंगळली.

सुकदेवनं बारावं बोट मिटलं. मग तेरावं. डोंगराकडं बघत, मान जरा कलती करून, तो अजून वाट बघत होता.